डाययुरेटिक्सचा तक्ता: रांगा कुठल्या आणि रकाने कुठले?

मांडवीकाठ
सेकंड इयर एमबीबीएस, गोमेकॉ. फार्माकॉलॉजीत सध्या डाययुरेटिक्स चालू आहेत, चवथीच्या सुट्टीआधी इंटर्नल आहे. मी तक्ते करून अभ्यास करते, क्लास, मेकॅनिझम, साइड इफेक्ट असे तीन रकाने आणि खाली एकेक औषध. प्रॉब्लेम असा की लूप आणि थायाझाइड यांचे साइड इफेक्ट लिहिले की दोन्ही घरं जवळजवळ सारखीच दिसतात, पोटॅशियम कमी, युरिक अ‍ॅसिड जास्त, शुगर जास्त, आणि पेपरात तर नेमका फरकच विचारतात. पुढे बीपी, मग हार्ट फेल्युअर, मग अ‍ॅरिदमिया, सगळीकडे हेच होणार. तर तक्त्यात रांगा आणि रकाने कसे पाडायचे? ज्यांनी स्वतः असे तक्ते वापरलेत त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

पेडण्याचो पोर
मी बी. फार्म. करतो. सोप्पी युक्ती सांगतो, नावाच्या शेपटीवरून ग्रुप कर. सेमाइड आलं की लूप, थायाझाइड आलं की थायाझाइड, आणि बाकीचे उरले ते पोटॅशियम वाचवणारे. साइड इफेक्टला एकच नियम, पोटॅशियम वाचवणारे सोडले तर सगळ्यांत पोटॅशियम जातं आणि रक्त अल्कलाइन होतं. एवढ्यावर अर्धे एमसीक्यू सुटतात, तक्त्याची पण गरज नाही.

केपेंचे काका
नमस्कार. मला रक्तदाबाची गोळी आहे, त्यात दोन औषधं एकत्र आहेत, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड. मी ती रात्री जेवल्यावर घेतो आणि मग दोन-तीनदा उठावं लागतं. तुम्ही म्हणता तसा वेळेचा तक्ता मीही करावा का? म्हणजे किती वाजता गोळी, किती वाजता लघवी असा. आणि साइड इफेक्ट वाचून आता थोडी भीती वाटायला लागलीय, गोळी बंद करू का?

सिस्टर फोंडा
काका, हा धागा मुलांच्या परीक्षेच्या तक्त्याबद्दल आहे, पण तुमचं आधी सांगते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. लघवी वाढवणारं औषध असलेली गोळी सहसा सकाळी घ्यायला सांगतात ती रात्रीची झोप मोडू नये म्हणूनच, तर तुमच्या डॉक्टरांना विचारून वेळ बदलून घ्या. आणि पूर्वीपासूनच रात्री उठावं लागत असेल तर तेही त्यांना सांगा, प्रोस्टेट किंवा शुगरमुळेही तसं होतं. बऱ्याच दिवसांत रक्त तपासलं नसेल तर सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन तेवढं करून घ्या.

केपेंचे काका
बरं, धन्यवाद ताई. सोमवारी जाऊन येतो.

डिचोलीकर
मी बरीच वर्षं फार्माकॉलॉजी शिकवली, आता निवृत्त आहे. मांडवीकाठ बाय, तुझा तक्ता चुकीचा नाही पण त्यात मेकॅनिझम आणि साइड इफेक्ट हे दोन रकाने शेजारी असून एकमेकांशी बोलतच नाहीत. म्हणून घरं सारखी दिसतात. तू साइड इफेक्ट कुठूनतरी उतरवून घेतेस, ते मेकॅनिझममधून काढत नाहीस.

आधी रांगा. एबीसीडीने नको, पुस्तकातल्या क्रमानेही नको, नेफ्रॉनमध्ये लघवी ज्या क्रमाने वाहते त्या क्रमाने लाव. सगळ्यात वर सुरुवातीच्या नळीतलं अ‍ॅसेटाझोलामाइड, मग लूपवाले, मग थायाझाइड, सगळ्यात खाली कलेक्टिंग डक्टवरचे स्पायरोनोलॅक्टोन आणि अमिलोराइड. याचा फायदा असा की वरच्या रांगेत अडवलेलं सोडियम खालच्या रांगेकडे वाहत जातं, म्हणजे वरचा साइड इफेक्ट कधीकधी खालच्या रांगेत तयार होतो, आणि ते तुला कागदावर दिसतं. पोटॅशियम बघ. लूप किंवा थायाझाइडने सोडियम अडवलं की ते जादा सोडियम कलेक्टिंग डक्टपर्यंत पोचतं, तिथल्या पेशी ते आत ओढतात आणि बदल्यात पोटॅशियम आणि हायड्रोजन बाहेर टाकतात. त्यात शरीरातलं पाणी कमी झाल्याने अल्डोस्टेरॉन वाढलेलं असतं, ते याच कामाला जोर देतं. म्हणून दोघांतही पोटॅशियम कमी आणि रक्त अल्कलाइन. आणि शेवटच्या रांगेतली औषधं नेमकी तीच जागा बंद करतात म्हणून तिथे उलटं, पोटॅशियम वाढतं. एवढं समजलं की पोटॅशियमचा अख्खा रकाना पाठ करायची गरज उरत नाही.

पेडण्याच्या मुला, तुझा नियम लूप आणि थायाझाइडपुरता बरोबर आहे पण वरच्या रांगेत मोडतो. अ‍ॅसेटाझोलामाइडने पोटॅशियम जातं हे खरं, पण सोबत बायकार्बोनेटही लघवीत जातं, त्यामुळे रक्त अल्कलाइन न होता अ‍ॅसिडिक होतं. पोटॅशियम कमी आणि अ‍ॅसिडोसिस एकत्र, हे व्हायवात हमखास विचारतात. शेपट्यांचंही तसंच, क्लोरथॅलिडोनच्या शेपटीत काय दिसतंय? ते थायाझाइडसारखंच काम करतं. इंडापामाइडही तसंच.

पेडण्याचो पोर
हां सर, क्लोरथॅलिडोन माझ्या नियमात बसत नाही हे खरं. पण सेमाइडवाले तरी बसतात ना?

डिचोलीकर
ते बसतात, ठेव ते. फक्त इथाक्रिनिक अ‍ॅसिड विसरू नकोस, तेही लूपवरच.

रात्रपाळी
मी पीजी करतोय, मेडिसिन. सरांशी सहमत पण एक सांगू का, मला एवढे मोठे तक्ते कधीच जमले नाहीत. मी छोटी कार्डं करायचो, एका बाजूला प्रश्न एका बाजूला उत्तर. तक्ता करण्यातच सगळा वेळ जातो, रंग काय, मार्जिन काय, आणि झाला की समाधान वाटतं आणि परत उघडायचा राहतो. माझ्या बॅचमध्ये कितीतरी जणांनी भिंतभर तक्ते लावले होते, विचारलं तर आडवी रांग धडाधडा म्हणायचे, पण 'लघवीत कॅल्शियम कोण वाढवतं आणि कोण कमी करतं' असं उभं विचारलं की गप्प.

मांडवीकाठ
हे माझंच होतंय, रांगेने येतं, रकान्याने येत नाही. कॅल्शियमचं तर लूप आणि थायाझाइड मी सतत उलटंपालटं करते. 'लूप लूझेस कॅल्शियम' असं पाठ केलंय पण का ते माहीत नाही.

डिचोलीकर
रात्रपाळीने मोलाचं सांगितलं. तक्ता आडवा वाचणं म्हणजे एका औषधाची माहिती, ती पुस्तकातही आहे. तक्त्याचा खरा उपयोग उभा वाचण्यात. म्हणून रकानेच असे पाड की उभे वाचता येतील. 'साइड इफेक्ट' असा एक ढोबळ रकाना ठेवूच नकोस, त्याचे तुकडे कर: पोटॅशियम, कॅल्शियम, सोडियम, रक्त अ‍ॅसिडिक की अल्कलाइन. प्रत्येक घरात फक्त बाण, वर किंवा खाली. आणि बाणाच्या शेजारी तीन-चार शब्दांत कारण. कारण लिहिता आलं नाही तर बाण पेन्सिलने काढ, शाईने नको.

आता कॅल्शियम. लूपमध्ये जो ट्रान्सपोर्टर सोडियम, पोटॅशियम आणि दोन क्लोराइड एकदम आत घेतो, त्यातलं पोटॅशियम परत नळीत झिरपतं, आणि त्यामुळे नळीच्या आतली बाजू पॉझिटिव्ह राहते. तोच पॉझिटिव्ह चार्ज कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला पेशींच्या फटीतून रक्ताकडे ढकलत असतो. फ्युरोसेमाइडने ट्रान्सपोर्टर बंद केला की चार्ज गेला, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम लघवीत गेलं. थायाझाइडची जागा पुढची, तिथे कॅल्शियम फटीतून जात नाही, पेशीच्या आतून जातं. थायाझाइडने पेशीतलं सोडियम कमी झालं की रक्ताकडच्या बाजूला सोडियम आत आणि कॅल्शियम बाहेर अशी जी अदलाबदल चालते तिला जोर येतो, आणि नळीतून जास्त कॅल्शियम ओढलं जातं. शरीरातलं पाणी कमी झालं की अगदी पहिल्या नळीतही सोडियमसोबत कॅल्शियम जास्त परत घेतलं जातं, तोही भाग आहेच. म्हणून कॅल्शियमचे मुतखडे वारंवार होणाऱ्याला थायाझाइड देतात, आणि रक्तातलं कॅल्शियम फार वाढलेल्याला, आधी भरपूर सलाईन देऊन, गरज पडली तर फ्युरोसेमाइड. उपयोगाचा रकानासुद्धा याच कारणातून भरला बघ.

सिस्टर फोंडा
सर, आमच्या कामाचं म्हणजे कान. फ्युरोसेमाइड शिरेतून पटकन दिलं की कानात आवाज येतो, ऐकू कमी येतं. मोठा डोस असेल तर मिनिटाला ४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेगाने द्यायचं नाही, आणि पेशंटला जेंटामायसिन किंवा अमिकासिन चालू असेल तर आणखी जपायचं. हे तुमच्या बाणांच्या तक्त्यात कुठे बसतं? बाण काढता येत नाही त्याला.

डिचोलीकर
बरोबर, सगळं किडनीतून निघत नाही. त्यासाठी उजवीकडे एक वेगळा रकाना ठेव, त्याला मी 'सुटे' म्हणायचो. त्यात ते जे किडनीच्या मेकॅनिझमवरून सुचणार नाहीत आणि सरळ पाठच करावे लागतात. स्पायरोनोलॅक्टोनने पुरुषांची छाती दुखणं-वाढणं, सल्फाची अ‍ॅलर्जी, असले. हा रकाना छोटा राहिला पाहिजे. तो फुगायला लागला की समजायचं मेकॅनिझमचा रकाना कच्चा आहे.

रात्रपाळी
पण सर, कान 'सुट्यात' का? आतल्या कानातही त्याच ट्रान्सपोर्टरचा भाऊबंद आहे, तो बंद पडला की आतल्या द्रवातलं मीठ बिघडतं. म्हणजे मेकॅनिझममधूनच आला की. आणि स्पायरोनोलॅक्टोनची छाती म्हणजे ते पुरुष हार्मोनच्या रिसेप्टरवरही बसतं म्हणून, एप्लेरेनोन अल्डोस्टेरॉनच्या रिसेप्टरपुरतं राहतं म्हणून त्यात ते फार कमी. ही कारणं असताना 'सुटे' कसं म्हणायचं?

डिचोलीकर
पटतं, पण मी तरी सेकंड इयरच्या मुलांना कान सुट्यातच लिहायला सांगेन. नेफ्रॉनचं चित्र डोळ्यापुढे ठेवून ते सुचणार नाही, आणि परीक्षेच्या दिवशी तेच चित्र हाताशी असतं. तुझं म्हणणं शास्त्राला धरून आहे, माझं आठवणीला. आपलं यावर जमेलसं वाटत नाही.

मांडवीकाठ
मी कान सुट्यात ठेवते आणि शेजारी 'तोच ट्रान्सपोर्टर' असं बारीक लिहिते. आता एक अडचण, एकाच क्लासमधली औषधं. फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड, बुमेटानाइड, इथाक्रिनिक अ‍ॅसिड, चौघांना चार रांगा केल्या तर सगळं चारदा लिहायला लागतं.

डिचोलीकर
चारदा लिहायचंच नाही. लूपची एक जाड रांग, त्यात सगळे बाण. तिच्या खाली एकेक औषधाची बारीक ओळ, आणि तिथे फक्त तो इतरांपेक्षा वेगळा कुठे आहे ते. फ्युरोसेमाइड: तोंडाने घेतलं तर किती शोषलं जाईल याचा नेम नाही, सरासरी निम्मं, पण एका पेशंटमध्ये फार कमी तर दुसऱ्यात बरंच जास्त. टॉर्सेमाइड: ८० टक्क्यांच्या वर शोषलं जातं, आणि जास्त वेळ टिकतं. इथाक्रिनिक अ‍ॅसिड: सल्फा नाही म्हणून अ‍ॅलर्जीवाल्याला चालतं, पण कानाला जास्त त्रास. ज्या औषधासमोर वेगळं काहीच लिहिण्यासारखं नाही त्याचं नुसतं नाव लिही आणि पुढे जा. परीक्षेत 'वेगळं काय' हेच विचारतात.

पेडण्याचो पोर
सर, सोडियमचा रकाना कशाला? सगळीच सोडियम बाहेर काढतात, तिथे सगळीकडे एकच बाण येणार.

डिचोलीकर
हा प्रश्न पडायलाच हवा होता. लघवीतलं सोडियम सगळे वाढवतात. पण रक्तातलं सोडियम धोकादायक कमी करतात ते मुख्यतः थायाझाइड. एक केस घेऊ, व्हायवाला देतात तसली, मी रचलेली.

७४ वर्षांची बाई, बीपीसाठी क्लोरथॅलिडोन १२.५ मिलिग्रॅम सुरू होऊन दोन आठवडे झालेत. मे महिना, उकाडा, घरातले दिवसभर पाणी प्या म्हणून मागे लागलेले, जेवण थोडंसं, नुसती पेज. आता मळमळ, चालताना तोल जातो, कालपासून विचारलेल्याला उत्तर भलतंच. सोडियम ११८, पोटॅशियम ३.१. आता औषधाचं नाव झाकून तक्ता उभा वाच. पोटॅशियम खाली, म्हणजे शेवटची रांग बाद. बीपीच्या पेशंटमध्ये अ‍ॅसेटाझोलामाइडचं काही काम नाही. राहिले लूप आणि थायाझाइड. इथे सोडियमचा रकाना निवाडा करतो. का ते कोणीतरी सांगा, मी थांबतो.

मांडवीकाठ
थायाझाइड कमी ताकदीचं असून त्यात सोडियम जास्त घसरतं हेच मला विचित्र वाटतं सर. लूपच्या जागी साधारण २५ टक्के सोडियम परत घेतलं जातं आणि थायाझाइडच्या जागी ५च्या आसपास. मग उलटं व्हायला हवं ना?

रात्रपाळी
सोडियम किती गेलं एवढ्यावर ते ठरत नाही, पाणी किती मागे राहिलं ते बघ. किडनीचा आतला भाग खारा असतो, आणि तो खारा ठेवायचं काम लूपचा तोच ट्रान्सपोर्टर करतो. मासळीला मीठ लावलं की पाणी सुटतं तसं तो खारा भाग कलेक्टिंग डक्टमधून पाणी ओढून घेतो, एडीएचने दार उघडलं की. फ्युरोसेमाइडने खारेपणाच जातो, मग एडीएच कितीही असलं तरी पाणी ओढायला जोर नाही, पाणी लघवीत निघून जातं. थायाझाइडची जागा बाहेरच्या भागात आहे, आतला खारेपणा शाबूत राहतो. मीठ बाहेर चाललंय, पाणी मात्र परत आत येतंय, वरून ती बाई पाणी पितेय. सोडियम पातळ होत जातं.

मांडवीकाठ
ओह!! म्हणजे हीच बाई फ्युरोसेमाइडवर असती तर पोटॅशियम असंच खाली असतं, पण सोडियम एवढं घसरायची शक्यता कमी, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमही खाली गेलं असतं. आणि तिच्या आत्ताच्या तक्त्यात कॅल्शियम नॉर्मल किंवा थोडं वर.

डिचोलीकर
अगदी. मॅग्नेशियम मात्र थायाझाइडनेही जातं, तेवढं जपून लिही. आणि लूपने सोडियम कमी होतच नाही असं लिहू नकोस, हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये दिसतं, पण तिथे आजाराचाही वाटा असतो.

रात्रपाळी
वॉर्डात या केसमध्ये दुसराही घोळ होतो. औषध बंद केलं, थोडं सलाईन आणि पोटॅशियम दिलं की एडीएचचा जोर उतरतो, पेशंट भराभर पाण्यासारखी लघवी करायला लागतो आणि सोडियम झरकन वर चढतं. ते २४ तासांत ८ पेक्षा जास्त चढू नये असं बघतो आम्ही, नाहीतर मेंदूच्या आतल्या भागाला कायमची इजा होऊ शकते. दिलेलं पोटॅशियमसुद्धा सोडियम वर नेतं, हे बरेच जण हिशेबात धरत नाहीत. म्हणून दर काही तासांनी सोडियम आणि लघवीचं माप. आणि हो, अशा बाईला कोणी डिप्रेशनची एसएसआरआय गोळी चालू केली असेल तर ती आधी विचारा, तीही सोडियम पाडते. ते तिच्या स्वतःच्या तक्त्यात असतं, पण पेशंटमध्ये दोन तक्ते एकत्र येतात.

सिस्टर फोंडा
दोन तक्ते एकत्र येण्यावरून आठवलं. स्पायरोनोलॅक्टोनसोबत रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन चालू असलेले, किडनी थोडी कमजोर असलेले पेशंट, आणि घरचे आजारी माणूस म्हणून रोज दोन-तीन शहाळी पाजतात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. दोन्ही औषधं पोटॅशियम वाढवणारी, वर शहाळं. डिस्चार्जच्या वेळी मी हे मुद्दाम विचारते, कारण आपल्याकडे शहाळं म्हणजे औषध असं सगळ्यांना वाटतं आणि आपणहून कोणी सांगत नाही. मुलांनो, पोटॅशियमच्या रकान्यात शेवटच्या रांगेत हे लिहा.

केपेंचे काका
मी टेल्मिसार्टन घेतो आणि घरची माडं आहेत, शहाळं रोज एक तरी होतंच. सोमवारी हेही विचारतो डॉक्टरांना.

सिस्टर फोंडा
हो काका, नक्की विचारा. तुमच्या गोळीत थायाझाइडही आहे, ते पोटॅशियम खाली ओढतं, म्हणून तुमचं गणित त्या पेशंटसारखं नाही, पण रक्ताचा रिपोर्ट बघूनच काय ते कळेल.

मांडवीकाठ
आज बसून नवीन काढला. पुस्तक बंद ठेवून रिकामा तक्ता, आधी जागेचा रकाना, मग कारण सुचेल तसे बाण. रक्तातले बाण आहेत सगळे, लघवीतले नाहीत. सर, बघाल का?

| जागा | पोटॅशियम | कॅल्शियम | सोडियम | रक्त | सुटे |
|---|---|---|---|---|---|
| सुरुवातीची नळी, अ‍ॅसेटाझोलामाइड | ↓ | – | – | अ‍ॅसिडिक | हातापायाला मुंग्या |
| लूप | ↓ | ↓ चार्ज गेला | कमी धोका, खारेपणा गेला | अल्कलाइन | कान |
| थायाझाइड | ↓ | ↑ अदलाबदल वाढली | ↓↓ खारेपणा शाबूत | अल्कलाइन | शुगर |
| कलेक्टिंग डक्ट | ↑ जागाच बंद | – | ↓ कधी कधी | अ‍ॅसिडिक | छाती, फक्त स्पायरोनोलॅक्टोन |

डिचोलीकर
छान उतरलाय. दोन गोष्टी. युरिक अ‍ॅसिड कुठे गेलं? ते लूप आणि थायाझाइड दोघांत वाढतं, त्यामुळे फरक विचारल्यावर कामाचं नाही, पण गाउटच्या पेशंटची केस आली की लागेल, दोन्ही रांगांना मिळून एक कंस काढून लिही. आणि शेवटच्या रांगेत अमिलोराइड आणि स्पायरोनोलॅक्टोन यांचा फरक नुसता छातीचा नाही. स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनला अडवतं, म्हणून अल्डोस्टेरॉन असेल तरच त्याचं काम, आणि परिणाम दिसायला दोन-तीन दिवस जातात. अमिलोराइड सोडियमची वाटच थेट बंद करतं. ते बारीक ओळीत घाल. आता चार दिवसांनी हाच तक्ता परत कोरा काढ, पण या वेळी उभा भर, आधी सगळा कॅल्शियमचा रकाना, मग सोडियमचा.

पेडण्याचो पोर
थायाझाइडची शुगर सुट्यात का टाकलीय? आमच्या सरांनी सांगितलं की पोटॅशियम कमी झालं की स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी सुटतं. म्हणजे ती पोटॅशियमच्या बाणातून निघते.

रात्रपाळी
काही अंशी. पोटॅशियम सांभाळलं तरी काही जणांची शुगर वाढलेली राहते, म्हणजे तेवढंच कारण नाही. आणि लूपनेही पोटॅशियम जातं, मग तिथे शुगर तेवढी का वाढत नाही याचं उत्तर तुझ्या बाणात नाही.

मांडवीकाठ
मग शुगरचं घर मी दोन्हीकडे पेन्सिलने लिहिते सध्या. उद्या डिपार्टमेंटमध्ये मॅडमना विचारून बघते, त्या काय म्हणतात ते इथे टाकते. आणि बीपीच्या औषधांचा तक्ता घेऊन पुढच्या आठवड्यात परत येणार आहे, तिथे रांगा नेफ्रॉनच्या क्रमाने लावता येणार नाहीत, तर कशाच्या क्रमाने लावायच्या ते सर तुम्ही तोवर सांगून ठेवा.